पाचही बोटं मिटलेली

माणसं खोटं बोलतात म्हणून माझं पोट चालतं, असं मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. मी काही वकील नाही. मी पाहणीचं काम करते. घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, उत्तरं टॅबवर भरायची आणि ही कामं करणाऱ्या मुलींवर लक्ष ठेवायचं. सोपे प्रश्न कुणीही विचारू शकतं. घरात किती माणसं, नळाला पाणी कधी येतं, मुलं कुठल्या शाळेत जातात. खरी कसोटी लागते ती अवघड प्रश्नांना, कारण तिथे समोरचा माणूस उत्तर देत नाही, तो आपल्यासमोर चांगला दिसायची धडपड करतो.

हे मी कुठल्या वर्गात शिकण्याआधी घरीच पाहिलं होतं. आमच्या आनंद नगरच्या घरी एकदा आरोग्याच्या पाहणीसाठी एक मुलगी आली होती. वडील मोठ्या कारखान्यातून टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेले, बदलीवर भोपाळला आले ते इथलेच झालेले. ती मुलगी विचारत होती आणि वडील खुर्चीत ताठ बसून सांगत होते. रोज फिरायला जाता का? नेमाने जातो. गोड खाता का? सोडलंय. तंबाखू? छे, कधीच नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती, कारण तंबाखूची डबी वडिलांच्या सदऱ्याच्या खिशातून सरळ डोकावत होती. त्या मुलीलाही ती दिसली असणार. तिने ‘नाही’ लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेली.

वडील लबाड नव्हते. एका परक्या, शिकलेल्या मुलीसमोर आपली मान खाली जाऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं. तंबाखूच्या बाबतीत हे विनोदी वाटतं. पण हाच प्रश्न नवऱ्याच्या मारहाणीचा असेल, मुलगी नको म्हणून केलेल्या गोष्टीचा असेल, तर त्या ‘नाही’वर मोठमोठे अहवाल उभे राहतात आणि सगळं कसं छान चाललंय असं त्यांत छापून येतं.

मला हे नीट शिकवलं ते आमच्या संस्थेच्या प्रमुख बाईंनी. तुलसी नगरच्या जवळ एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी ताई म्हणायची, कारण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘तू मला मॅडम म्हणू नकोस गं, इथे मराठीत हाक मारणारं दुसरं आहे कोण?’’ ताई पुण्याच्या. माझं मराठी भोपाळचं, अर्धं हिंदीत बुडालेलं. मी ‘मला परेशानी झाली’ म्हटलं की त्या कपाळाला हात लावायच्या आणि मग दोघीही हसायचो. मला टायफॉइड झाला तेव्हा त्या डब्यात मेतकूट-भात घेऊन आनंद नगरपर्यंत आल्या होत्या. आईने तेव्हाच ठरवून टाकलं की ही बाई देवमाणूस आहे. माझंही मत तेच होतं, आणि माझं मत सहसा इतक्या लवकर कुणाबद्दल चांगलं होत नाही.

शिकवण्यातही त्या अव्वल. त्या म्हणायच्या, माणसाला थेट विचारलंस की तो भिंत उभी करतो, म्हणून बाजूने जायचं. एखादीला ‘तुम्ही सुनेला बोलता का’ असं विचारू नकोस, ‘या गल्लीतल्या सासवा सुनांशी कशा वागतात’ असं विचार. दुसऱ्याबद्दल बोलताना माणूस मोकळा होतो आणि बोलता बोलता स्वतःचं थोडं सांगून जातो. पण लगेच बोट वर करून बजावायच्याही: ‘‘यावरून एकट्यादुकट्या माणसाला पकडायचं नाही हं. ती खरंच शेजारणीबद्दल बोलत असेल. हे सगळं घोळक्यासाठी असतं, माणसासाठी नाही.’’ हे वाक्य मी पुढे माझ्या हाताखालच्या मुलींना इतक्या वेळा ऐकवलं की त्या माझी नक्कल करायच्या.

मग भोपाळजवळच्या मंडीदीपचं काम आलं. तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर ठेकेदाराकडून आलेल्या बायका काम करत होत्या. लाइनवरच्या साहेबांकडून त्यांना त्रास होतो, नको तिथे हात लावला जातो, नको ते बोललं जातं, अशी कुजबूज होती. कंपनीला बाहेरच्या बड्या गिऱ्हाइकासमोर दाखवायचं होतं की आम्ही चौकशी केली. म्हणून पाहणी आमच्याकडे आली; आमची क्लायंट ती कंपनीच.

सुरुवातीला आम्ही थोड्या जणींना थेट विचारून पाहिलं. जे व्हायचं तेच झालं. ‘‘नहीं दीदी, साहब लोग तो भाई जैसे हैं.’’ हे वाक्य इतक्या घरांत, इतक्या पटकन, प्रश्न पुरता संपायच्या आत ऐकू आलं की माझी एक मुलगी वैतागून म्हणाली, या कारखान्यात राखीपौर्णिमेला सुट्टी देत असतील. बायकांचा दोष नव्हता. एका खोलीत सासू बसलेली, दारात नवरा उभा, आणि समोर हातात टॅब घेतलेली अनोळखी बाई. कोण खरं सांगेल?

तेव्हा ताईंनी यादीची पद्धत काढली. ती मला आजही सुंदर वाटते आणि म्हणूनच जास्त राग येतो. बायकांचे आपोआप दोन गट पडतात, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं टॅबच ठरवतो. एका गटाला चार साध्या गोष्टी वाचून दाखवायच्या. दुसऱ्या गटाला त्याच चार आणि पाचवी ती नाजूक गोष्ट. बाईने कुठली गोष्ट आपल्याला लागू आहे हे सांगायचंच नाही, फक्त किती लागू आहेत तो आकडा सांगायचा. एखादी ‘तीन’ म्हणाली तर कुठल्या तीन, हे ना मला कळत ना देवाला. शेवटी दोन्ही गटांची सरासरी काढायची. दुसऱ्या गटाची जेवढी जास्त भरेल, तेवढ्या हिश्श्याच्या बायकांना त्रास होतोय. एकीचंही गुपित न फोडता सगळ्यांचं दुखणं कळतं.

मोजायला आम्ही बोटं वापरली. हात ओढणीखाली घ्यायचा, मी एकेक गोष्ट वाचेन, लागू असेल तर एक बोट मिटायचं, आणि शेवटी किती मिटली ते सांगायचं. बायकांना हे आवडलं. खेळ असल्यासारखं वाटायचं.

यात एक खड्डा आहे आणि तोही ताईंनीच मला दाखवला होता. एखाद्या बाईला पाचही गोष्टी लागू असतील तर ती ‘पाच’ म्हणेल, आणि मग लपलं काय? पाचात ती नाजूक गोष्ट आलीच. म्हणून यादीत निदान एक गोष्ट अशी ठेवायची जी जवळपास कुणालाच लागू नसते, म्हणजे पाचपर्यंत कुणी पोचतच नाही. आमच्या यादीत बस उशिरा येते, कँटीनमधलं जेवण गार असतं, सुट्टी झाल्यावरही थांबवून घेतात, या तीन गोष्टी होत्या. चौथी होती: कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात मी स्टेजवर गाणं म्हटलंय. ही गाण्याची ओळ मी सुचवली होती. चाचणीच्या वेळी बायका ती ऐकून खुदकन हसायच्या. ‘‘हम, और गाना!’’ हसल्या की मोकळ्या व्हायच्या. ताईंनी माझी पाठ थोपटली होती.

खरं काम सुरू झालं त्या सकाळी मंडीदीपच्या बस-स्टॉपवर चहा घेताना मी टॅब उघडला, आणि गाण्याची ओळ तिथे नव्हती. तिच्या जागी होतं: पाणी प्यायला किंवा बाथरूमला जायला विचारावं लागतं. आता हे तर लाइनवरच्या प्रत्येकीला लागू होतं. बाकीच्या तीन तर होत्याच, म्हणजे चारही गोष्टी सगळ्यांना लागू. म्हणजे पाच गोष्टींच्या गटात जिला त्रास झालाय ती पाच म्हणणार, जिला नाही ती चार. सरळ थेट प्रश्न, फक्त बोटांच्या आड लपवलेला.

मी ताबडतोब ताईंना फोन लावला. त्या शांत होत्या. ‘‘अगं, क्लायंटने हट्ट धरला. म्हणे गाण्याचा कामाशी काय संबंध. मी भांडले, पण ऐकेनात.’’

मी म्हटलं, ‘‘मग काम थांबवू या. ही यादी घेऊन मी कुणाच्या दारात जाणार नाही.’’

‘‘वेडी का तू? मुली फिल्डवर आहेत, गाड्या लागल्यात. हे बघ, फाइल माझ्याकडून जाताना प्रत्येकीचा क्रमांक मी स्वतः काढीन. आकडे नुसते एकत्र जातील. माझा शब्द आहे. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?’’

क्रमांकाचं महत्त्व असं, की बायकांची यादी कंपनीनेच दिली होती आणि प्रत्येकीला एक क्रमांक होता. आम्ही नावं लिहीत नव्हतो, पण क्रमांक उत्तराला चिकटलेला राहिला तर कंपनीला नाव काढायला वेळ लागणार नव्हता. आणि या बाईने मला मेतकूट-भात भरवला होता. तिच्या शब्दावर विश्वास नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? मी टॅब पिशवीत टाकला आणि पहिल्या गल्लीत शिरले.

तिथे तिसऱ्या-चौथ्या खोलीत ती बाई भेटली. सागर जिल्ह्याकडची, पॅकिंगच्या लाइनवर काम करणारी, तिशीच्या आतली. नवरा दुसऱ्या कारखान्यात, सासू गावाहून येऊन राहिलेली. खोलीत सासू होती म्हणून तीच मला म्हणाली, चलो दीदी, छत पर चलते हैं. वर वाळत घातलेले कपडे, खाली ट्रकांचा आवाज, आम्ही दोघीच. टॅबने तिला पाचांच्या गटात टाकलं. मी तिला सगळं समजावलं. म्हटलं, मुझे भी पता नहीं चलेगा, किसी को नहीं चलेगा, सिर्फ गिनती. तिने हात ओढणीखाली घेतला.

मी बसची गोष्ट वाचली, जेवणाची वाचली. मधेच ती हसली, म्हणाली, ये तो सबके साथ है. शेवटच्या गोष्टीला ती हसली नाही. तिने वाळत घातलेल्या चादरीकडे पाहिलं आणि ओढणी जराशी हलली.

‘‘पूरी मुट्ठी, दीदी,’’ ती म्हणाली.

जे मला कळायला नको होतं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे तिला कळलं नाही. उलट ती हलकी झाल्यासारखी वाटली. म्हणाली, ‘‘अच्छा हुआ मुँह से बोलना नहीं पड़ा. घर में पता चल जाए तो ये लोग मुझे गाँव भेज देंगे, और बच्ची का स्कूल यहीं है.’’ तिची मुलगी दुसरीत होती. पोरीला इंग्रजी शाळेत घातलं होतं, त्यासाठीच ती कामाला जात होती. मी टॅबवर पाचचं बटण दाबलं. खाली आल्यावर तिच्या सासूने मला चहा दिला आणि विचारलं, हमारी बहू ने ठीक से जवाब दिए ना? मी म्हटलं, एकदम ठीक.

पुढे काम संपलं, अहवाल गेला. अहवालात सरासऱ्यांचा तक्ता होता, बाजूला सावध शब्दांत लिहिलेला परिच्छेद होता, आणि तो मी स्वतः वाचून पाहिला होता. कुठेही कुणाचा क्रमांक नव्हता. मी निश्चिंत झाले. दुसऱ्या कामाला लागले.

मग एके दुपारी गच्चीवरच्या त्या बाईचा फोन आला. नंबर तिच्याकडे होता, कारण काही अडचण आली तर सांगा म्हणून मीच सगळ्यांना देत असे. तिचा आवाज इतका सपाट होता की मी आधी ओळखलाच नाही.

‘‘दीदी, ठेकेदार ने कल से आने को मना कर दिया.’’

‘‘क्यों?’’

‘‘बोला, सर्वे में तूने पाँच बोला था ना? कंपनी को बदनाम करती है.’’ मग ती म्हणाली, ‘‘पाँच तो मैंने सिर्फ आपको बोला था.’’

पुढचं तीच सांगत गेली. लाइनवरच्या आणखी काही जणींना काढलं होतं, आणि त्या सगळ्या पाचवाल्या होत्या. साहेब लोक मात्र जिथल्या तिथे होते.

मी रिक्षा पकडून तडक ऑफिसात गेले. वाटेत मी स्वतःची समजूत घालत होते. शेजारणीने ऐकलं असेल, तिनेच कुणाला सांगितलं असेल. गच्चीवर आम्ही दोघीच होतो हे आठवलं तरी मी आणखी एखादं कारण शोधत होते. आपलं माणूस असं करेल हे मन लवकर कबूल करत नाही.

ताई खिडकीजवळ बसून दुधी सोलत होत्या. दुपारी ऑफिसात भाजी निवडायची त्यांची सवय होती, म्हणायच्या विचार करायला बरं पडतं. मी थेटच विचारलं.

‘‘ताई, फाइल क्रमांकांसकट गेली का?’’

‘‘छे गं. असं कसं जाईल?’’

इतकं पटकन. प्रश्न पुरता संपायच्या आत. मी हे उत्तर मंडीदीपच्या कितीतरी उंबऱ्यांवर ऐकलं होतं. मी त्या बाईचं सांगितलं, ठेकेदाराचं सांगितलं. ताईंनी हळहळ व्यक्त केली. त्या म्हणाल्या, बिचारी, तिनेच कुठेतरी बोलून ठेवलं असेल, या बायकांच्या पोटात काही राहत नाही. मग सुरी खाली ठेवून त्या जरा पुढे झुकल्या.

‘‘मला सांग, असं काही घडलं की ऑफिसातल्या एखाद्या सुपरवायझरला वाटत असेल ना, बाहेर जाऊन बोलावं? पेपरवाल्यांशी वगैरे? तुझं नाही म्हणत मी. साधारण काय वाटत असेल?’’

मला वाटलं होतं की फोनवर मला सगळ्यात जास्त दुखलं. तसं नव्हतं. दुखलं ते हे. ती माझी पाहणी करत होती. ज्या हाताने मला शिकवलं त्याच हाताने, त्याच आडवाटेने, गल्लीतल्या सासवांचा प्रश्न ती मला विचारत होती. मी कुणाला काही सांगणार आहे का हे तिला काढून घ्यायचं होतं, आणि मला ते ओळखू येणार नाही असं तिला वाटत होतं. इतकी वर्षं मी तिच्याकडून शिकत होते आणि तिने मला इतकंही जोखलं नव्हतं.

मी रडले असते तर बरं झालं असतं. पण मला राग आला की मी फार सभ्य होते. मी बसले, तिच्या परातीतला दुधीचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हटलं, ‘‘वाटत असेल एखादीला. पण ताई, एखाद्या संस्थेच्या प्रमुखाचंही अवघड होत असेल नाही? समजा क्लायंटने व्यक्तिवार फाइल मागितली. साधारण काय करत असतील अशा वेळी?’’

तिचा चेहरा सैल झाला. आपण दोघी एका बाजूला आलो असं तिला वाटलं असावं.

‘‘देतात गं. सगळे देतात. तुला अजून या धंद्याची वरची बाजू ठाऊक नाही. क्लायंटला सरासरी नको असते, त्याला माणूस हवा असतो. नाही म्हटलं तर पुढचं काम दुसऱ्याकडे जातं, आणि मग ऑफिसातल्या या सगळ्या मुलींचं काय? प्रमुखाला सगळ्यांचा विचार करावा लागतो.’’

‘‘आणि यादी?’’ मी विचारलं. ‘‘अशा वेळी यादीचं काय करत असतील?’’

‘‘यादी आधीच तशी बांधावी लागते. नाहीतर फाइल देऊन उपयोग काय? तुझी ती गाण्याची ओळ ठेवली असती तर कुणी पाचवर गेलंच नसतं. ती काढली तेव्हा मला पण वाईट...’’

ती थांबली. परातीकडे पाहत राहिली.

तिनेच शिकवलं होतं की आडून विचारलेल्या प्रश्नावरून एका माणसाला पकडायचं नाही. ‘सगळे देतात’ एवढ्यावरच ती थांबली असती तर मी पकडलं नसतं, तो नियम मी पाळला असता. पण गाण्याची ओळ सगळ्या प्रमुखांची नव्हती. ती ओळ माझी होती. क्लायंटने हट्टाने काढली म्हणून जिच्यासाठी आपण भांडलो असं तिने मला फोनवर सांगितलं होतं, ती ओळ तिने स्वतःच्या हाताने काढली होती, आणि ती का काढायची हे तिला नेमकं ठाऊक होतं. खड्डा कुठे असतो हे मला दाखवणारीच तो खणून बसली होती, आणि बायकांना तिथपर्यंत हाताला धरून न्यायला तिने मला निवडलं होतं. माझ्यावर बायका विश्वास ठेवतात असं ती नेहमी सगळ्यांसमोर कौतुकाने सांगायची.

मी म्हटलं, ‘‘मॅडम, मी येते.’’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला मॅडम म्हटलं. तिने मान वर केली नाही. त्या ऑफिसात मी परत गेले नाही, नंतर राजीनामा ईमेलने पाठवला. त्याला उत्तर आलं ते हिशेब विभागाच्या मुलाकडून.

आईला मी कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘पण आजारपणात आली होती गं.’’ तेच तर, मी म्हटलं. ती नुसती वाईट बाई असती तर मला काय पडलं होतं.

काही दिवसांनी मी मंडीदीपला गेले. जिल्ह्याच्या कचेरीत अशा तक्रारींसाठी बायकांची एक समिती असते, तिची माहिती मी काढली होती. गच्चीवरच्या त्या बाईने तक्रार केली असती तर मी तिच्या बाजूने उभी राहून, क्रमांक कसे फुटले ते सगळं लिहून दिलं असतं. मी हे बोलायला गेले होते. तिची सासू गावी परत गेली होती. सामान बांधायला घेतलेलं दिसत होतं, भांड्यांची एक गोणी भिंतीला टेकवलेली होती. मुलगी शाळेच्याच युनिफॉर्मात खाली बसून गोणीच्या सुतळीशी खेळत होती.

मी समितीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, तक्रार केली तर नवऱ्याला कारण कळेल. अजून त्याला एवढंच ठाऊक होतं की लाइनवरची माणसं कमी केली. खोलीचं भाडं एकाच्या पगारात भागत नव्हतं, म्हणून ती आणि मुलगी गावी जाणार होत्या. तिथे सरकारी शाळा होती. ‘‘वो भी ठीक है,’’ ती म्हणाली. मी जास्त जोर केला नाही. घरात कळलं तर काय होईल हे ती माझ्यापेक्षा चांगलं जाणत होती, आणि माझ्या भरवशावर तिचं एकदा व्हायचं ते झालं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. यादी कुणी बदलली, शब्द कुणी दिला, फाइल कुणी दिली. ती ऐकताना दुधाचं पातेलं ढवळत होती. ते सगळं तिला कळलं नाही, की कळूनही फरक पडत नव्हता, मला माहीत नाही. तिच्यासाठी दारात आलेली बाई मीच होते.

तिने चहा दिला. साखर नेमकी माझ्या आवडीची, आधीच्या वेळचं लक्षात ठेवून. मी निघताना उंबऱ्यावर थांबले. इतकी वर्षं मी लोकांना शिकवत आले की नाजूक प्रश्न तोंडावर विचारू नये, तोंडावर विचारलं की खरं उत्तर मिळत नाही. तरी मला राहवलं नाही.

‘‘आप मुझसे नाराज़ हैं?’’ मी विचारलं.

‘‘नहीं दीदी,’’ ती म्हणाली, ‘‘आप तो बहन जैसी हैं.’’

इतकं पटकन, प्रश्न पुरता संपायच्या आत. तिने हसून दार ओढून घेतलं, आणि मी बस-स्टॉपकडे चालायला लागले.